पुण्यात दुकान काढावे का? – संचालकांपुढे ठेवायच्या टिपणाचा एक नमुना

आपल्या कारोबारी बांधवांपैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून घेतली, त्यांच्या घरी आता एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. पूर्वी दुसऱ्या शहरात दुकान काढायचे तर जुम्याच्या नमाजनंतर चार भाऊ ओट्यावर बसत, थोरला हो म्हणाला की दुसऱ्या दिवशी जागा बघायला माणूस निघे. आता मंडळाची बैठक बोलवावी लागते, सात दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ठराव इतिवृत्तात लिहावा लागतो. आणि घरातला शिकलेला मुलगा बैठकीपुढे एक टिपण ठेवतो. त्यात चार खान्यांचा एक तक्ता असतो, शेवटी आकड्यांचे एक पान असते आणि खाली ‘मंजुरीची शिफारस’ असे लिहिलेले असते. वडीलधारी मंडळी तक्ता बघून मान डोलावतात, आकड्यांचे पान उलटून शेवटची ओळ वाचतात आणि सही करतात.

हे टिपण नीट कसे लिहावे आणि सही करणाऱ्याने ते कसे वाचावे, याविषयी आम्ही आज सविस्तर लिहीत आहोत. त्यासाठी एक नमुना घेतला आहे. मिरजेतली एक बेकरी, तीन भाऊ संचालक, खारी, टोस्ट, नानखटाई आणि पाव हा माल. त्यांना पुण्यात कोंढव्यात दुकान काढायचे आहे. हे घराणे आम्ही उभे केलेले आहे आणि आकडेही समजावून देण्यासाठी घेतलेले आहेत. पण त्यातल्या चुका आमच्या मनच्या नाहीत. अशी जी टिपणे आमच्या नजरेखालून गेली, त्यांत त्या पुन्हा पुन्हा दिसल्या.

प्रथम पुतण्याने केलेला पहिला मसुदा पाहू. कोंढव्यात दुकान, मागे छोटी बेकरी, विजेवरची फिरती भट्टी. खर्च २८ लाख. विक्री महिन्याला साडेनऊ लाख. शंभर रुपयांच्या विक्रीत मैदा, वनस्पती, साखर, वीज-इंधन, पॅकिंग जाऊन ४२ रुपये उरतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ चार लाख. भाडे, पगार आणि इतर ठराविक खर्च पावणेतीन लाख. उरले सव्वा लाख, वर्षाला सुमारे १५ लाख. म्हणजे जेमतेम दोन वर्षांत पैसे वसूल. यावर कोण नाही म्हणेल?

आता तक्ता. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्वॉट’ म्हणतात. १९६० च्या दशकापासून अमेरिकेतल्या व्यापारशिक्षणात ही पद्धत रुळली. चार खाने असतात : आपले सामर्थ्य, आपल्या उणिवा, बाहेरच्या संधी, बाहेरचे धोके. पहिले दोन घराच्या आतले, दुसरे दोन घराच्या बाहेरचे. एवढा भेद सांभाळला तरी निम्मे काम होते. पण बहुतेक टिपणांत तोच सांभाळला जात नाही. आमच्या नमुन्यात संधीच्या खान्यात लिहिले होते, ‘पुण्यात शाखा काढणे’. ही संधी नव्हे, हा तर प्रस्तावच झाला. आपण मिरजेत स्वस्थ बसलो तरी जे पुण्यात घडत राहील, तेच संधी किंवा धोका म्हणून लिहावे. कोंढव्यात नव्या इमारती उभ्या राहून वस्ती वाढते आहे, ही संधी. दहा-पंधरा मिनिटांत पाव-बिस्किटे घरपोच देणारे मोबाईलवरचे व्यापारी पुण्यात आले आहेत, हा धोका. कॅम्पात कयानी बेकरी आहे आणि तिच्या श्रूसबरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात, हासुद्धा बाहेरचाच मामला.

सामर्थ्याच्या खान्यात तीन ओळी होत्या : जुने नाव, लाकडाच्या भट्टीची चव, उस्तादाचा हात. तिन्ही खऱ्या आहेत. पण प्रश्न असा की यांतले पुण्याला सोबत काय येते? नाव मिरजेत आहे. पुण्यात ते सांगली-मिरजेकडून नोकरीसाठी गेलेल्या लोकांपुरते चालेल, बाकीच्यांना ते नवेच. भट्टी मिरजेत आहे. पुण्यात विजेची भट्टी लावायची असे मसुदाच सांगतो, म्हणजे ज्या चवीवर भरवसा ठेवला ती चव तिथे निघणारच नाही. उस्ताद एकच आहेत. ते पुण्याला गेले तर पुण्याचे सामर्थ्य वाढेल आणि मिरजेची उणीव. उणिवांच्या खान्यात मात्र याचा एक शब्द नव्हता. घरातल्या घरात उणीव लिहायला संकोच वाटतो, हे आम्ही समजू शकतो. तथापि मंडळापुढच्या टिपणात तो संकोच महाग पडतो.

लाकडाच्या भट्टीविषयी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण बेकरीवाल्या बांधवांना तिचा पुढेही उपयोग होईल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनाकडे वळवण्याचा आदेश दिला. तो आदेश मुंबईपुरता होता. पण कोणत्याही मोठ्या शहरात आज लाकडाची नवी भट्टी घालण्याचा बेत असेल तर धोक्यांच्या खान्यात ही ओळ आलीच पाहिजे.

आमचा मुख्य मुद्दा आता सांगतो. स्वॉटच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ आकड्यांच्या पानावर कुठे ना कुठे उतरली पाहिजे. ‘उस्ताद एकच’ ही उणीव असेल तर आकड्यांत दुसऱ्या कारागिराचा पगार दिसला पाहिजे, किंवा तो तयार होईपर्यंत वाया जाणारा माल दिसला पाहिजे. ‘नाव नवे’ ही उणीव असेल तर पहिल्या वर्षाची विक्री तिसऱ्या वर्षाइतकी धरता येणार नाही. ‘शेजारी जुनी बेकरी’ हा धोका असेल तर भाव किंवा गिऱ्हाईक, दोन्हींपैकी काहीतरी कमी धरले पाहिजे. ज्या ओळीने एकही आकडा हलत नाही ती ओळ खोडून टाकावी, किंवा आकडा चुकला आहे असे समजून पुन्हा हिशेबाला बसावे. पुतण्याच्या मसुद्यात तक्ता आणि हिशेब ही दोन पाने एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती.

आता हिशेबाचे पान तपासू. पहिली शंका विक्रीची. साडेनऊ लाख कुठून आले? मुलगा मेहनती होता. कोंढव्यातल्या एका चालत्या बेकरीसमोर तो तीन दिवस उभा राहिला आणि त्याने गिऱ्हाईक मोजले. रोज सरासरी २६५ माणसे, दर माणशी १२० रुपयांची खरेदी, म्हणजे रोजचे ३१,८०० आणि महिन्याचे साडेनऊ लाख. मोजणी खरी होती. धाकट्या चाचांनी फक्त एवढेच विचारले, “बेटा, मोजायला गेला होतास कधी?”

“चाचा, गेल्या रमजानमध्येच. तेव्हा मिरजेत दुपारी काम कमी असते म्हणून सवड मिळाली.”

रमजानमध्ये मुस्लिम वस्तीतल्या बेकरीची संध्याकाळ म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. इफ्तारच्या आधीचे दोन तास आणि रात्री तरावीहनंतरची गर्दी वर्षाच्या इतर अकरा महिन्यांत नसते. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे दुकानाचे हिशेबी वर्ष आणि सणाचे महिने यांचा मेळ दरवर्षी वेगळा बसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. मुलगा पुन्हा गेला, या वेळी एका साध्या महिन्यात. एक सोमवार, एक शुक्रवार आणि एक रविवार, सकाळी सात ते रात्री दहा. आठवड्याची सरासरी काढली तेव्हा रोजचे १८० गिऱ्हाईक निघाले. म्हणजे २१,६०० रुपये रोज, महिन्याला साडेसहा लाख. हीसुद्धा जमलेल्या दुकानाची विक्री आहे, नव्याची नव्हे. तरी उदारपणाने पहिल्या वर्षी साडेसहा लाख धरू. दुसऱ्या वर्षी चहाची हॉटेले आणि फेरीवाले जोडून साडेआठ, तिसऱ्या वर्षी साडेनऊ, पुढे दहा लाख.

दुसरी शंका खर्चाची. पावणेतीन लाखांत पुण्याला जाऊन दुकान सांभाळणाऱ्या मुलाचा पगार नव्हता. “घरचाच माणूस, त्याला कसला पगार?” हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. पण तो मिरजेत जे काम करतो ते करायला तिथे दुसरा माणूस ठेवावा लागेल, आणि पुण्यात त्याला खोली, जेवण, ये-जा आहेच. ३५ हजार महिना धरले तर ठराविक खर्च तीन लाख दहा हजार होतो. त्यात भाडे ९० हजार, सगळे पगार १ लाख ६० हजार, वीज ३५ हजार, बाकी किरकोळ.

तिसरी शंका भांडवलाची. २८ लाखांत जागेची अनामत ६ लाख, भट्टी, मळणीयंत्र आणि थ्री-फेज जोडणी १५ लाख, फर्निचर आणि पाटी ७ लाख एवढेच होते. मैदा-साखरेचा साठा आणि हॉटेलवाल्यांची उधारी यांत जो पैसा अडकणार तो नव्हता. तो ४ लाख धरू. एकूण ३२ लाख.

या तीन दुरुस्त्यांनंतर संचालकांनी सर्वांत आधी एकच आकडा मागावा : रोज किती विक्री झाली की दुकान स्वतःचा खर्च भागवेल? तीन लाख दहा हजार खर्च आहे आणि रुपयात ४२ पैसे उरतात. ३,१०,००० ला ०.४२ ने भागले की ७ लाख ३८ हजार येतात. महिन्याची ही विक्री, म्हणजे रोज सुमारे २४,६०० रुपये, म्हणजे १२० रुपयांची २०५ गिऱ्हाइके. जमलेल्या दुकानात १८० येतात आणि आपल्याला २०५ हवीत, फक्त पाणी नाकाखाली राहण्यासाठी. हा आकडा गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला लगेच समजतो, म्हणून तो टिपणात पहिल्या पानावर असावा.

मग पाच वर्षांचा हिशेब. भाववाढ खर्चात आणि विक्रीत सारखीच धरून सगळे आजच्याच भावात मांडू, आयकर तूर्त बाजूला ठेवू. पहिल्या वर्षी दुकान ४ लाख ४४ हजार तोट्यात जाते. दुसऱ्या वर्षी ५ लाख ६४ हजार मिळतात, तिसऱ्या वर्षी १० लाख ६८ हजार, चौथ्या आणि पाचव्या वर्षी १३ लाख २० हजार प्रत्येकी. पाचव्या वर्षाअखेर अनामत आणि साठ्याचे मिळून १० लाख परत येतात, भट्टी वगैरे विकून ४ लाख. सगळे मिळवले तर ५२ लाख २८ हजार. ३२ घातले, ५२ आले, २० लाखांचा फायदा. थोरले भाऊ म्हणाले, “मग अडचण काय?”

अडचण अशी की हे ५२ लाख आज येत नाहीत. त्यांतले निम्म्याहून अधिक पाचव्या वर्षी येतात. तोवर आपले ३२ लाख मिरजेत राहिले असते तर तिथे त्यांनी काही कमावले असते. या घराण्याचा अनुभव असा की मिरजेत एक गाडी किंवा एक मळणीयंत्र वाढवून जयसिंगपूर-सांगलीकडचे फेरीवाले जोडले की शंभर रुपयांमागे वर्षाला १५ सुटतात. म्हणजे पुण्याने वर्षानंतर दिलेले ११५ रुपये मिरजेतल्या आजच्या १०० च्या बरोबरीचे. म्हणून पहिल्या वर्षाच्या रकमेला १.१५ ने भागायचे, दुसऱ्या वर्षाच्या रकमेला दोनदा, तिसऱ्या वर्षाच्या तीनदा, असे पाचपर्यंत.

इथे काही वाचक विचारतील की हा १५ चा दर म्हणजे व्याजच नव्हे का? नाही. इथे कोणी कोणाला कर्ज देत नाही आणि ठराविक रक्कम घेत नाही. आपलाच पैसा आपल्याच दुसऱ्या धंद्यात जो नफा देतो त्याच्याशी ही तुलना आहे. त्यामुळे बँकेचा दर उचलून इथे घालणे हिशेबाच्या दृष्टीनेही चूकच आहे. ज्याचा पैसा बँकेत नाही, धंद्यात आहे, त्याने धंद्याचाच दर घ्यावा. आणि तो दर फुगवू नये. गेल्या तीन वर्षांच्या वहीत जो दिसतो तो घ्यावा.

भागाकार करून आजच्या किमतीत आणले तर पाच वर्षांच्या रकमा अशा होतात : उणे ३.८६, ४.२६, ७.०२, ७.५५ आणि १३.५२ लाख. बेरीज साडेअठ्ठावीस लाख. घालायचे ३२ लाख. म्हणजे साडेतीन लाख कमी पडतात. दुकान बुडत नाही, गल्ल्यात पैसा येतो, लोक ‘पुण्यात शाखा आहे’ म्हणून मानही देतात. पण तोच पैसा मिरजेत ठेवला असता तर घर साडेतीन लाखांनी पुढे असते. जो आकडा मसुद्यात ‘दोन वर्षांत वसूल’ म्हणत होता, तोच दुरुस्तीनंतर साडेचार वर्षांवर गेला.

इतके झाल्यावर टिपण लिहिणाऱ्याने आणखी एक काम करावे. कोणता आकडा चुकला तर घर हलेल, हे पाहावे. आम्ही दोन आकडे हलवून पाहिले. भाडे दहा टक्के जास्त निघाले तर तूट साडेतीनवरून सुमारे सात लाखांवर जाते. विक्री दहा टक्के कमी झाली तर तीच तूट अठरा लाखांवर जाते. म्हणजे विक्रीचा अंदाज भाड्यापेक्षा चौपट नाजूक आहे. आणि आमचे बांधव काय करतात? भाड्यासाठी दलालाशी दोन महिने घासाघीस करतात आणि गिऱ्हाईक मोजायला तीन दिवस देतात!

मग पुण्याला जायचेच नाही का? तक्ता आणि हिशेब एकमेकांशी बोलू लागले की याचे उत्तर तिथूनच निघते. सामर्थ्याच्या खान्यातली भट्टीची चव आणि उस्तादाचा हात पुण्याला जाऊ शकत नाहीत, पण माल जाऊ शकतो. खारी, टोस्ट आणि नानखटाई हवाबंद पॅकिंगमध्ये बरेच दिवस टिकतात. मिरज-पुणे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, रात्री निघालेली गाडी सकाळी पोहोचते. आठवड्यातून तीन फेऱ्या केल्या तर भट्टी न लावता छोटे दुकान चालवता येते. मग मिरजेची चव हे खरोखरच पुण्यातले सामर्थ्य होते आणि उस्ताद जागेवर राहतात.

या लहान बेताच्या उणिवाही लिहू. पाव रोज ताजा लागतो, तो मिरजेहून जाणार नाही. त्यामुळे पावासाठी रोज येऊन जाता जाता खारी नेणारे गिऱ्हाईक मिळणार नाही. खारीचा वाटेत चुरा होतो. म्हणून रुपयात ४२ ऐवजी ३८ पैसेच उरतील असे धरू. खर्च : अनामत अडीच लाख, काउंटर-फर्निचर साडेतीन, साठा दोन, एकूण ८ लाख. भाडे ४५ हजार, तीन माणसे ६० हजार, गाडीभाडे ३५ हजार, वीज वगैरे १० हजार, महिन्याला दीड लाख. खर्च भागायला रोज १३,२०० रुपये लागतात, म्हणजे ११० गिऱ्हाइके. पहिल्या वर्षी रोजची १०० च येतील असे धरले तर दीड लाखाच्या वर थोडा तोटा होतो. दुसऱ्या वर्षी विक्री ४ लाख ६० हजारांवर आणि तिसऱ्या वर्षी ५ लाखांवर गेली, आणि तिसऱ्या वर्षाअखेर सगळे आवरले तरी, आजच्या किमतीत हिशेब जवळजवळ बरोबरीत येतो, तूट ३५-३६ हजारांची.

फायदा नाही मग हे तरी का करावे? कारण दोन्ही बेतांत फसल्यानंतर काय उरते याचा फरक मोठा आहे. मोठा बेत वर्षाने बंद करावा लागला तर २२ लाखांची भट्टी आणि फर्निचर विकून दहा लाख आले तरी नशीब. बारा लाख तिथे गेले, साडेचार लाख चालवण्यात गेले, म्हणजे साडेसोळा लाख. लहान बेत वर्षाने गुंडाळला तर चार लाख जातात. आणि त्या चार लाखांत पुण्याचे गिऱ्हाईक किती, कोणता माल घेते, पाव मागते का, हे तीन दिवस उभे राहून न कळणारे सगळे वर्षभरात वहीत उतरलेले असते. मोठ्या बेताचा सर्वांत नाजूक आकडा विक्रीचा होता, तोच इथे स्वस्तात पक्का होतो.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. हे ‘चार लाखच’ गणित जागेच्या करारावर टिकून आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मालक अनेकदा तीन वर्षांचा लॉक-इन घालतो, म्हणजे त्या मुदतीआधी दुकान सोडले तरी उरलेले भाडे द्यावे लागते. ४५ हजारांप्रमाणे दोन वर्षांचे भाडे पावणेअकरा लाखांच्या वर जाते आणि लहान बेत लहान राहत नाही. महाराष्ट्रात हा करार नोंदवावा लागतो, तेव्हा नोंदणीच्या आधी ते कलम स्वतः वाचावे, दलालाच्या तोंडी भरवशावर राहू नये. अन्नपदार्थांचा परवानाही जागेनुसार वेगळा काढावा लागतो, मिरजेचा परवाना पुण्यात चालत नाही.

आता टिपणाचा शेवटचा मजकूर. तो खरे तर शेवटी नव्हे, पहिल्या पानावर सुरुवातीलाच असावा, कारण संचालक तेवढेच नक्की वाचतात. आमच्या मते तो असा असावा :

‘शिफारस : कोंढव्यात ३२ लाखांची बेकरी आज काढू नये. ८ लाखांपर्यंत खर्च करून, भट्टीशिवाय, मिरजेच्या मालाचे एक दुकान काढावे. अट एक : करारात लॉक-इन एका वर्षापेक्षा जास्त नसावा, नाहीतर ही शिफारस रद्द समजावी. अट दोन : रोजची विक्री आणि गिऱ्हाइकांची संख्या वेगळ्या वहीत लिहावी, रमजानचा महिना निराळा दाखवावा. रमजान सोडून सलग सहा महिने रोजची सरासरी १६,००० च्या वर राहिली तर भट्टीचा प्रस्ताव नव्या आकड्यांसह मंडळापुढे आणावा. दहाव्या महिन्याअखेर सरासरी ९,००० च्या खाली असेल तर दुकान बंद करावे. मोठ्या बेतात पाच वर्षांत आजच्या किमतीने साडेतीन लाख कमी पडतात. विक्री दहा टक्क्यांनी घटली तर अठरा लाख.’

बंद करण्याचा आकडा उद्घाटनाआधी लिहून ठेवावा, यावर आम्ही मुद्दाम भर देतो. दुकान सुरू झाले, पाटीवर वालिद साहेबांचे नाव लागले, नातेवाईक येऊन मुबारकबाद देऊन गेले की मग कोणताही भाऊ तो आकडा तोंडातून काढत नाही. तोटा मिरजेच्या गल्ल्यातून गुपचूप भरला जातो आणि दोन-तीन वर्षांनी भावाभावांत त्याचा हिशेब निघतो. कागदावर आधीच लिहिलेला आकडा असला तर कोणा एकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आमच्या नमुन्यातल्या बैठकीत थोरले भाऊ नाराजच होते. त्यांचे म्हणणे असे की पाव नसलेली बेकरी म्हणजे बिस्किटांचे दुकान, आणि पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक पाव मागून परत गेले तर ते पुन्हा येणार नाही. यात तथ्य आहे, आणि आमच्या हिशेबाला याचे पुरे उत्तर नाही. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. जवळच्याच एखाद्या बेकरीकडून पाव घाऊक घेऊन काउंटरवर ठेवायचा, त्यात रुपयामागे दहा-बारा पैसेच सुटले तरी चालेल. आणि थोरल्या भावांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहायचा. दुकान रमजानच्या दोन महिने आधी उघडायचे, म्हणजे हात बसायला वेळ मिळेल, आणि पहिला आढावा ईदनंतरच्या तिसऱ्या महिन्यात घ्यायचा, साध्या दिवसांच्या वहीवर.

पुतण्याने विचारले, “चाचा, वही रोज कोण लिहिणार?”

“तूच,” धाकटे चाचा म्हणाले, “आणि तुझा पगार पहिल्या ओळीत.”